आजीच्या फोनवर कवटी

समजा, गणपतीचे दिवस आहेत. अमेरिकेहून आलेला मुलगा सातारच्या घरी जेवून खुर्चीत आडवा झालाय. मांडीवर रिकामी ताटली, डोळे मिटलेले. आजी त्याचा फोटो काढते आणि तिकडे कॉलेजात शिकणाऱ्या नातवासाठी पाठवते. खाली ओळ: ‘बघ तुझ्या बापाचे प्रताप. अकरा मोदक हाणले, आता जागचा हलत नाही 🙏🙏💐’

नातवाला मराठी ऐकून कळतं, पण देवनागरी वाचता येत नाही. आजीचं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं. त्यामुळे निरोप जातात-येतात ते आत्याच्या फोनवरून. आत्या इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करते. हा प्रसंग मी नमुन्यादाखल रचला आहे, पण ज्या घरातली मुलं परदेशात वाढली आहेत, तिथल्या वाचकांना तो परका वाटणार नाही.

नातवाचं उत्तर इंग्रजीत येतं. ते देवनागरीत उतरवलं तर असं: ‘ओएमजी आजी दॅट पिक 💀 आयॅम लिटरली क्रायिंग 😭 ११ मोदक्स?? ही टोल्ड मी ही वॉज ईटिंग इन मोदकेशन 🤡 सेव्ह मी सम प्लीज 🥺’

आता आत्याने शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं तर आजीला काय मिळेल? ‘अरे देवा आजी ते चित्र 💀 मी अक्षरशः रडत आहे 😭 ११ मोदक?? त्याने मला सांगितले की तो मोदकेशनमध्ये खात होता 🤡 कृपया माझ्यासाठी काही जतन करा 🥺’

ऐन गणपतीत फोनवर कवटी. नातू रडतोय. बापाला ‘तो’ म्हणतोय आणि वर विदूषकाचं तोंड. शेवटी पुराणवस्तू खात्याने लिहावं तसं ‘जतन करा’. आजी काळजीने फोन लावणार आणि विचारणार, ‘काय रे, बरं नाही का तुला?’ एकही शब्द चुकलेला नाही, आणि तरी निरोप पार उलटा पोचला.

मुळात या निरोपात माहिती अशी काहीच नाही. अकरा मोदक ही बातमी आजीनेच दिलेली होती. नातू तीन गोष्टी करतोय: फोटो बघून खदखदून हसतोय, बापाची फिरकी घेतोय आणि आजीशी लाडीगोडी लावतोय. गप्पांमधले बहुतेक निरोप असेच असतात. त्यांत सांगण्यासारखं थोडं असतं, वागणं जास्त. कचेरीतलं पत्र भाषांतरित करताना आपण विचारतो की यात काय म्हटलंय. इथे विचारायचं ते हे, की हा माणूस समोरच्याशी कसा वागतोय, आणि आपल्या भाषेत तसंच वागायचं झालं तर लोक काय म्हणतात. त्यावरून एक साधी कसोटीही हाती येते. मूळ निरोप वाचून समजणाऱ्या माणसाने जसं उत्तर दिलं असतं, तसंच उत्तर भाषांतर वाचणाऱ्याकडून आलं पाहिजे. हसणारं उत्तर यायच्या जागी काळजीचा फोन आला, तर भाषांतर फसलं.

म्हणून आत्याने कामाला सुरुवात शब्दांपासून करायची नाही, नात्यापासून करायची. इंग्रजीला एका ‘यू’मध्ये सगळं जग बसवता येतं. मराठीला नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत आई, आजी, मावशी, आत्या यांना ‘अगं’ आणि ‘तू’, तर बाबा आणि आजोबा यांना ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ अशी विभागणी असते. काही घरांत बाबाही ‘अरे बाबा’ असतात. हे त्या घरालाच माहीत असतं, कोणत्याही शब्दकोशात नसतं. आपल्या नमुन्यातलं घर पहिल्या प्रकारचं धरू. म्हणजे ‘ओएमजी आजी’चं ‘अगं आजी’ होईल आणि तेवढ्या एका ‘अगं’मध्ये निम्मी आपुलकी येऊन बसेल. ‘ओएमजी’चं वेगळं भाषांतर करायची गरजच उरत नाही. ‘अरे देवा’ घातलं असतं तर उलट काही वाईट घडल्यासारखं वाटलं असतं. आणि ‘ही टोल्ड मी’चं ‘बाबा मला म्हणाले’ होईल. फिरकी घ्यायची ती आदरार्थी बहुवचनात घ्यायची. मराठीत त्याने फिरकी बोथट होत नाही, कधीकधी जास्त बोचते.

‘प्लीज’ हा दुसरा सापळा. इंग्रजीत तो तोंडातून सहज पडतो, मराठीत घरातल्या माणसाला कुणी ‘कृपया’ म्हणत नाही. ‘कृपया’ रेल्वे स्थानकावरच्या सूचनेत शोभतो. आपली विनवणी क्रियापदाच्या मागे लटकलेल्या ‘गं’, ‘रे’, ‘ना’मध्ये असते. ‘ठेव गं’ म्हटलं की प्लीज आलं.

आता हसण्याकडे येऊ. लिहिलेलं हसू ही प्रत्येक भाषेची स्वतंत्र वस्तू आहे. स्पॅनिश माणूस हसतो तेव्हा तो जे टाइप करतो ते इंग्रजी डोळ्यांना ‘जाजाजा’ दिसतं, कारण त्याच्या ‘ज’चा उच्चार ‘ह’च्या जवळ जातो. थायलंडमधली माणसं नुसतं 555 लिहितात, कारण थाई भाषेत पाचाला ‘हा’ म्हणतात. तीन पाच म्हणजे ‘हाहाहा’. ब्राझीलमधले लोक ‘क’चं अक्षर ओळीने बडवतात. फ्रेंच तरुण तीन अक्षरांत ‘हसून मेलो’ असं लिहितो. जपानी लोक हसण्याच्या शब्दाचं आद्याक्षर, म्हणजे रोमन डब्ल्यू, ओळीने लिहू लागले. त्या डब्ल्यूंची रांग गवताच्या पात्यांसारखी दिसते म्हणून पुढे ‘गवत’ हा शब्दच हसण्यासाठी वापरात आला. एखाद्या जपानी मित्राने निरोपाच्या शेवटी गवत लिहिलं, तर तो शेतीबद्दल बोलत नाहीये.

यातलं काहीच जसंच्या तसं उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. मराठीत आपल्याकडे ‘हाहाहा’ आहे, कुत्सितपणाची छटा असलेलं ‘खीखी’ आहे, नुसत्या ‘हा हा’ला तर थंडपणाचा वास येतो. मात्र खळखळून हसण्यासाठी आपण बहुधा अख्खं वाक्य वापरतो: हसून हसून पोट दुखलं, पुरेवाट झाली, डोळ्यांतून पाणी आलं, मेलो. नातवाच्या ‘आयॅम लिटरली क्रायिंग’मध्ये रडण्याचा काही संबंध नाही. त्यातला ‘लिटरली’ही अक्षरशः नाही, तो फक्त जोर देतो. ‘हसून हसून डोळ्यांत पाणी आलं’ असं केलं की मूळातलं पाणीही राहतं आणि आजीला धक्काही बसत नाही. अशी जागा सापडणं हे नशीब. सापडली की सोडू नये.

कवटीचं काय? इंग्रजी बोलणाऱ्या तरुण मुलांमध्ये 💀 म्हणजे ‘मी मेलो’, म्हणजेच ‘हसून मेलो’. आधी याच कामासाठी 😂 असायचा. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ साली वर्षाचा शब्द म्हणून निवडला तो हाच, आनंदाश्रू ढाळणारा चेहरा. एखादी गोष्ट आई-बापांच्या, मग आजी-आजोबांच्या फोनवर पोचली की मुलांना ती शिळी वाटते. त्यांनी 😂 मोठ्यांना देऊन टाकला आणि स्वतः 💀 आणि 😭 घेतले. त्यामुळे नातवाच्या निरोपात दोन अंतरं आहेत, एक भाषेचं आणि दुसरं वयाचं. आत्या दोन्ही पार करतेय आणि दुसरं जास्त अवघड आहे, कारण चित्र सगळ्यांना सारखंच दिसतं असा आपला पक्का समज असतो.

गंमत म्हणजे मरणाशी सलगी मराठीलाही नवी नाही. आपली मुलंही ‘मेलो’, ‘वारलो’, ‘खपलो’ म्हणत हसतात. मालवणी माणूस जिवलग मित्राला ‘खंय होतंस रे मेल्या’ असं प्रेमानेच विचारतो. पण तोंडचा ‘मेल्या’ वेगळा आणि सणाच्या दिवशी फोनवर उमटलेली पांढरी कवटी वेगळी. शब्द झिजून झिजून त्यातलं मरण निघून गेलेलं असतं. चित्रातलं गेलेलं नसतं, निदान आजीसाठी तरी. म्हणून इथे माझं मत अगदी स्पष्ट आहे: कवटी काढावी आणि तिच्या जागी 😂 ठेवावा. आजीच्या पिढीत हसण्याचं चलन तेच आहे. चित्र बदललं म्हणजे मूळाशी बेइमानी झाली असं मानणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. शब्द बदलायला ज्याची हरकत नाही, त्याची चित्र बदलायला का असावी?

इमोजी जगभर एकच अर्थ सांगतात ही समजूत कुठून आली, तेही बघण्यासारखं आहे. नावावरून वाटतं की इंग्रजीतल्या ‘इमोशन’शी त्याचं नातं असेल. तसं ते नाही. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर, असा हा सरळ जपानी शब्द आहे. एनटीटी डोकोमो या जपानी फोन कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली १७६ चित्रांचा एक संच तयार केला. प्रत्येक चित्र आडवे १२ आणि उभे १२ ठिपके, बस्स. त्याआधीही जपानमध्ये असे प्रयत्न झाले होते, पण गाजला तो हा संच, आणि आज तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. २०१० साली इमोजी युनिकोड या जागतिक अक्षर-प्रमाणात आले आणि मग सगळ्या फोनांवर पसरले. युनिकोड प्रत्येक चित्राला एक क्रमांक आणि एक नाव देतं. त्याचा अर्थ काय लावायचा, हे मात्र वापरणाऱ्यावर सोडतं. ते चित्र नेमकं कसं रंगवायचं, हे फोन बनवणारे ठरवतात. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की एकच हसरा चेहरा वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर इतका वेगळा दिसतो, की एका ठिकाणी तो आनंदी वाटतो आणि दुसऱ्या ठिकाणी दात-ओठ खाणारा.

जोडलेल्या हातांचंच घ्या. 🙏 याचं युनिकोडमधलं नाव फक्त ‘जोडलेले हात’ एवढंच सांगतं. जपानी माणूस त्यातून ‘आभारी आहे’ किंवा ‘माफ करा’ म्हणतो. इंग्रजी जगात ती बहुतेकदा प्रार्थना असते. आपल्याकडे नमस्कार, विनंती, आभार, देवदर्शन, श्रद्धांजली आणि ‘बाबा रे, आता पुरे’ ही सगळी कामं याच हातांवर पडली आहेत. शिवाय आणखी एक वापर आहे, जो मोठ्या माणसांच्या निरोपांत सर्रास दिसतो. ते प्रत्येक निरोप 🙏🙏 करून संपवतात, पत्राखाली सही करावी तसे. त्या हातांना वेगळा अर्थ शोधायला जाऊ नये.

आणि 😂 आणि 😭 यांची गल्लत. बारीक पडद्यावर, चष्मा न लावता बघितलं तर दोन्ही पिवळे चेहरे आणि दोन्हींच्या गालांवर निळं पाणी. कुटुंबाच्या गटावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली 😂’ असा निरोप न पाहिलेला मराठी माणूस विरळाच. पाठवणारे काका मनापासून रडत असतात. अशा निरोपाचं भाषांतर करायची वेळ आली तर चित्राला सरळ 😢 करावं. काकांना काय म्हणायचं होतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

भाषातज्ज्ञ ग्रेचन मॅककुलॉक यांनी ‘बिकॉज इंटरनेट’ या २०१९ च्या पुस्तकात इमोजींची तुलना बोलताना होणाऱ्या हातवाऱ्यांशी केली आहे. भाषांतर करणाऱ्याला हा विचार फार उपयोगी पडतो. हातवारे बोलण्याच्या ठरावीक क्षणी येतात, आणि तो क्षण चुकला तर विचित्र दिसतात. इंग्रजी वाक्यात क्रियापद मध्येच येतं, मराठीत शेवटी. त्यामुळे हशा फुटण्याची जागा सरकते, आणि तिच्याबरोबर इमोजीही सरकवावा लागतो. इंग्रजीत जिथे होता तिथेच चिकटवून ठेवला तर विनोद सांगून संपायच्या आधीच सांगणारा हसल्यासारखं होतं.

आता या निरोपातला सर्वांत अवघड भाग: ‘मोदकेशन’. इंग्रजीत ‘इन मॉडरेशन’ म्हणजे बेताने. त्यात नातवाने ‘मोदक’ घुसवला. कोटी चांगली आहे आणि ती मराठीत मरते, कारण ‘बेताने’मध्ये मोदक शिरत नाही. इथे तीन वाटा आहेत. कोटी सोडून द्यायची आणि नुसतं ‘बेताने खातोय म्हणाले’ लिहायचं. कंसात कोटी समजावून सांगायची. किंवा त्याच जागी मराठीत चालेल असा दुसरा विनोद करायचा. समजावून सांगितलेला विनोद म्हणजे गार झालेला चहा, तेव्हा दुसरी वाट बाद. पहिली प्रामाणिक आहे, पण निरोपातली सर्वांत चटकदार ओळ बेचव होते.

तिसऱ्या वाटेला जाताना पथ्य एवढंच, की नवा विनोद मूळ विनोदाच्याच घरचा आणि त्याच्याच आकाराचा असावा. मोदक आहेत, गणपती आहे, पोट आहे. मग ‘लंबोदर’ आयताच हाताशी आहे: ‘घरात आता दोन लंबोदर!’ मूळात बापाच्या खादाडपणाची गोड थट्टा होती, इथेही तीच आहे. विषय गणपतीचाच राहिला. आणि आजीला तो क्षणात कळेल, कारण शब्द तिच्या रोजच्या आरती-स्तोत्रांतला आहे. इथे मोह होतो तो आणखी चार कोट्या करण्याचा. आत्याला विनोदाची आवड असेल तर जास्तच. पण नातू एक कोटी करून पुढे गेला होता. आपणही एकच करून पुढे जावं.

विदूषक 🤡 इंग्रजी पोरांच्या भाषेत ‘काय हा वेडेपणा’ असं सांगतो, कधी स्वतःबद्दल, कधी दुसऱ्याबद्दल. आजीला बापाच्या नावासमोर विदूषक दिसेल आणि तो उद्धटपणा वाटेल. डोळे झाकणारं माकड 🙈 हे काम सौम्यपणे करतं. शेवटचा 🥺 राहू द्यायला हरकत नाही. हे काकुळतीला आलेलं तोंड आजीने एकटं पाहिलं असतं तर ती हळवी झाली असती, पण त्याआधी ‘मला ठेव गं एखादा’ असे शब्द आले की ते काय मागतंय हे कळतं. चित्राचा अर्थ शेजारचे शब्द ठरवतात, हा नियम जवळपास सगळीकडे लागू पडतो.

तर आत्याचा निरोप असा तयार होतो:

‘अगं आजी, काय फोटो काढलायस! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं 😂😂 अकरा?? मला तर म्हणत होते, बेताने खातोय म्हणून. घरात आता दोन लंबोदर 🙈 मला ठेव गं एखादा 🥺’

मूळ चार इमोजींपैकी दोन बदलले, एक जागचा हललेला नाही आणि 😭 शब्दांत मुरून गेला. ‘सेव्ह मी सम’मधल्या ‘सम’चा ‘एखादा’ झाला, कारण लाडाने मागणारा मराठी माणूस आपली मागणी लहान करून सांगतो.

हाच निरोप आजीऐवजी कोल्हापुरातल्या चुलतभावासाठी असता तर सगळी गणितं बदलली असती. त्याला कवटी ओळखीची आहे, ती राहू द्यायची. ‘आयला, काय फोटो आहे 💀 मेलो भावा. अकरा?? आणि म्हणे बेताने खातोय 🤡 बाबांचा विषयच हार्ड आहे. मला ठेवा की एखादा.’ इथे ‘विषय हार्ड’ कोल्हापूरच्या पाण्यावर वाढलेला आहे. भाऊ नागपूरचा असता तर ‘का बे’ आलं असतं. आणि ज्याला परदेशात वाढलेला म्हणून सगळे ओळखतात, त्या मुलाच्या तोंडी अस्सल कोल्हापुरी किती घालायची, हाही प्रश्न आहेच. एक शब्द घातला तर भाऊ खूश होतो, तीन घातले तर त्याला शंका येते की हे लिहिलंय कुणी? मैत्रीची भाषा मिठासारखी मोजून घालावी लागते, शिवाय ती लवकर शिळीही होते. पाच वर्षांपूर्वीचा तरुणांचा शब्द आज एखाद्या सरांच्या तोंडी शोभतो. खात्री नसेल तर साधी, जिव्हाळ्याची मराठी लिहावी. ती कुणाला हास्यास्पद वाटत नाही.

एक बारीक गोष्ट या दोन्ही रूपांत लपलेली आहे. ‘मेलो’ आणि ‘मेले’. इंग्रजी निरोपातून लिहिणारा मुलगा आहे की मुलगी हे कळत नाही, मराठी क्रियापद ते लगेच सांगून टाकतं. अनोळखी व्यक्तीच्या निरोपाचं भाषांतर करताना हा घोटाळा हमखास होतो, आणि झाला की सगळी मैत्री परकी वाटू लागते.

आता उलटा प्रवास. आत्याचा निरोप वाचून आजी लिहिते: ‘गधड्या, तुझा वाटा तुझ्या बापाने खाल्ला. पुढच्या वर्षी तिकीट काढून ये, नाहीतर कान पिळीन 😡🙏🙏’

उत्तर हसतं-खेळतं आहे, म्हणजे पहिलं भाषांतर पोचलं. आता हे इंग्रजीत न्यायचं. ‘गधड्या’चं ‘यू डाँकी’ केलं तर नातवाला वाटेल आजी खरंच चिडली. इंग्रजीत गाढव म्हणजे मूर्ख, त्यात माया नाही. इंग्रजी लाडाचा एखादा शब्द टाकला तर ती आजी राहत नाही, अमेरिकन सिनेमातली म्हातारी होते. पण या नातवाला मराठी ऐकून कळतं. लहानपणापासून त्याने ‘गधड्या’ कानांनी ऐकलेला आहे. तेव्हा तो शब्द रोमन लिपीत तसाच ठेवावा, बाकीचं इंग्रजी करावं. वाचताना त्याला आजीचा आवाज ऐकू येईल. भाषांतर न करणं हाही भाषांतराचाच एक मार्ग आहे, मात्र तो शब्द समोरच्याच्या कानाचा असला पाहिजे. नातवाच्या खोलीत राहणाऱ्या मेक्सिकन मित्राला हा निरोप दाखवायचा असेल तर हा उपाय चालणार नाही.

‘तुझ्या बापाने’ ही दुसरी गोम. ‘बाबा’, ‘वडील’ आणि ‘बाप’ या तिघांत आजीने मुद्दाम ‘बाप’ निवडलाय, लटक्या रागाने. नातू बापाला ‘डॅड’ म्हणतो, म्हणून ‘युअर डॅड’ लिहिलं तर तो राग निघून जातो. इंग्रजीत अशा वेळी आया ‘दॅट फादर ऑफ युअर्स’ म्हणतात, त्यात तोच ठसका आहे. ‘कान पिळीन’ सरळ नेलं तरी चालतं. धमकी इतकी आजीछाप आहे की तिचा गैरसमज होऊ शकत नाही. तांबड्या तोंडाचा 😡 मात्र नातवाच्या फोनवर खऱ्या संतापासारखा दिसेल. तिथे 😤 ठेवला तर फुरंगटल्याचा भाव येतो. आणि शेवटचे 🙏🙏? ते हलवायचे नाहीत. नातवाला माहीत आहे की आजी अशीच सही करते.

एक सूचना पूर्णविरामाबद्दल. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला तर वाचणाऱ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटतं. आजी शाळेत शिकली तसे पूर्णविराम देते. इंग्रजी करताना शेवटचा पूर्णविराम गाळला तर तिचा स्वर नातवाच्या कानाला जास्त खरा वाटतो. एवढ्याशा ठिपक्याने आजी तुटक वाटू नये.

फसलं हे ओळखायचं कसं? काही खुणा ठरलेल्या आहेत. समोरून ‘म्हणजे?’ असं आलं तर विनोद पोचला नाही. नुसता 👍 आला तर पोचला, पण हसू आलं नाही. तब्येतीची चौकशी सुरू झाली तर इमोजीने घात केला. आणि एकदम ‘तुम्ही’वर उत्तर आलं तर कुठेतरी दुखावलंय, ताबडतोब फोन करावा.

काही निरोप मात्र या मार्गाने पोचवू नयेत. उपरोध त्यांत पहिला. ‘वा, छानच केलंत’ असं उलट्या अर्थाने म्हटलेलं वाक्य आवाजाशिवाय आपल्याच भाषेत नीट पोचत नाही, दुसऱ्या भाषेत तर ते सरळ कौतुक होऊन जातं. तिसऱ्या माणसाच्या रंगावरची, जातीवरची, जाडीवरची थट्टा तर शब्द कितीही सांभाळले तरी दुसऱ्या घरात अपमान म्हणूनच उतरते. अशा वेळी आत्याने मधल्या मध्ये विनोद सौम्य करून पुढे सरकवू नये, पाठवणाऱ्याला विचारावं. शब्द तिचे असले तरी नाव त्याचं जाणार आहे.

घरात हे मधलं काम तुमच्याकडे असेल तर एक सवय लावून घ्या. कोणता इमोजी बदलला आणि कुठली कोटी नव्याने घातली, ते पाठवणाऱ्याला एका ओळीत कळवत जा. नाहीतर पुढच्या फोनवर आजी त्याला ‘दुसरा लंबोदर’ म्हणून काही बोलेल आणि स्वतःच्या नावावरचा विनोद त्याला पहिल्यांदाच ऐकायला मिळेल.